घेवडा पोटास का बाधतो? भिजवण आणि वाफेचा दाब

सातारा जिल्ह्याच्या कोरेगाव तालुक्यात पिकणाऱ्या वाघ्या घेवड्यास २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. फिकट दाण्यावर तांबूस पट्टे असलेला हा घेवडा खरिपात हजारो शेतकरी पिकवितात. परंतु तो पिकविणाऱ्या घरांतूनच पुष्कळदा असे ऐकू येते की, वडील माणसांना घेवडा सोसत नाही. पोट फुगते, कळ येते, म्हणून त्यांच्या ताटात तो वाढीत नाहीत. वयस्कर माणसाच्या आहारातून कडधान्य गेले म्हणजे प्रथिनांचा एक स्वस्त व घरचा आधार जातो. तेव्हा ही बाधा कशाने होते व ती कितपत टाळता येते, हे पाहू.

घेवड्यात पोटास त्रास देणारी द्रव्ये दोन प्रकारची आहेत आणि त्यांचा स्वभाव एकमेकांच्या उलट आहे. पहिले द्रव्य म्हणजे रॅफिनोज, स्टॅकिओज या नावाच्या शर्करा. त्या पचविणारा पाचकरस माणसाच्या आतड्यात नसतो. त्या तशाच मोठ्या आतड्यात उतरतात, तेथील जंतू त्यांवर आंबवण्याची क्रिया करतात आणि वायू उत्पन्न होतो. या शर्करा उष्णतेने फारशा नाश पावत नाहीत. मात्र पाण्यात विरघळतात. दुसरे द्रव्य लेक्टिन. ही प्रथिनांची एक जात असून ती आतड्याच्या अस्तरास चिकटते. तिचे उलट आहे: भिजवण्याने ती थोडीच कमी होते, पण पुरेशा उष्णतेने मोडते. म्हणून वायूवर उपाय पाण्याचा आणि लेक्टिनवर उपाय आचेचा. एकाने दुसऱ्याचे काम भागत नाही.

लेक्टिन बहुतेक कडधान्यांत थोडेबहुत असते. परंतु घेवडा व राजमा या एकाच कुळातील दाण्यांत, विशेषतः लाल राजम्यात, ते फार असते. कच्च्या लाल राजम्यात ते २० हजार ते ७० हजार एकके भरते, तर नीट शिजलेल्या दाण्यात २०० ते ४००. कच्चे चार-पाच दाणे पोटात गेले तरी एक ते तीन तासांत जोराची मळमळ व उलट्या होतात आणि पाठोपाठ जुलाब लागतात. हा त्रास बहुधा काही तासांत आपोआप ओसरतो. नुसता वायू धरणे निराळे आणि ही विषबाधा निराळी, हे ध्यानात ठेवावे. मुगाची मोडाची उसळ कच्ची खाण्याची चाल आहे, त्यावरून कोणी घेवड्यास मोड आणून तो कच्चा खाऊ नये.

येथे एक गोष्ट विशेष सांगावयाची आहे. दाणे मंद आचेवर, पाण्यास उकळी न येता, तासन् तास ठेवले तर ते मऊ होतात, परंतु लेक्टिन मोडत नाही. सुमारे ८० अंश सेल्सियसपर्यंतच तापलेल्या दाण्यांत तर कच्च्यापेक्षाही अधिक लेक्टिन आढळले आहे. विझत्या निखाऱ्यावर रात्रभर ठेवलेले भांडे किंवा मंद आचेचे विजेचे भांडे यांत हाच धोका आहे. तेव्हा नुसत्या मऊपणावर विसंबू नये. उकळी आली होती की नाही हे पाहावे.

कोरेगाव भागातील एका शेतकरी कुटुंबात घेवडा शिजविण्याची रीत आम्ही मुद्दाम पाहिली. सून दाणे दोन तास भिजवी, त्याच पाण्यासकट कुकरमध्ये घाली, आमसूल व गूळ आरंभीच टाकी आणि तीन शिट्ट्यांवर उतरवी. सासरे म्हणाले, “साहेब, पीक आमचं, पण पोट काही आमचं ऐकत नाही.” या रीतीत पोटाची वाट धरणाऱ्या गोष्टी चार होत्या. भिजवण अपुरी होती, शर्करा उतरलेले पाणी परत पोटातच जात होते, आंबट व गूळ यांमुळे दाणा मऊ होण्यास अडथळा येत होता आणि वेळ शिट्ट्यांवर मोजली जात होती.

पुढे त्या घरी जी रीत बसविली ती अशी. पाव किलो घेवडा निवडून, धुऊन, रात्री नऊच्या सुमारास एक लिटर पाण्यात भिजत घातला. सकाळपर्यंत दाणे वजनाने जवळजवळ दुप्पट झाले. एक दाणा मधोमध चिरून पाहिला. आत पांढरी कोरडी रेघ दिसली असती तर आणखी दोन तास थांबावे लागले असते. उन्हाळ्यात मात्र पाणी एकदा बदलावे, नाहीतर फेस येऊन आंबूस वास सुटतो. भिजवणीचे पाणी ओतून दिले व दाणे दोनदा स्वच्छ पाण्याने धुतले. नंतर ताज्या पाण्यात, झाकण न लावता, खळखळून उकळी आल्यापासून दहा मिनिटे उकळले, फेस काढून टाकला आणि तेही पाणी ओतून दिले. या पाण्याबरोबर काही क्षार व ब जीवनसत्त्वे जातात, हे खरे. ज्यांचे पोट धड आहे त्यांनी हे दुसरे पाणी टाकण्याची गरज नाही.

त्यानंतर दाणे कुकरमध्ये घालून वर बोटाच्या दोन पेरांइतके पाणी ठेवले. कुकर निम्म्यापेक्षा अधिक भरू नये. फेस वर येऊन वाफेची वाट अडते. पहिल्या शिट्टीनंतर आच मंद करून घड्याळाप्रमाणे पंधरा मिनिटे ठेवला आणि वाफ आपोआप जिरू दिली. कुकरात पूर्ण दाबाखाली पाणी सुमारे १२० अंशांपर्यंत तापते, म्हणून लेक्टिन तेथे निश्चित मोडते. शिट्ट्या मोजण्यात अर्थ नाही. मोठ्या आचेवर तीन शिट्ट्या चार मिनिटांतही होतात. रबराच्या कडेतून वाफ निसटत असेल तर दाब भरत नाही, मग पंधरा मिनिटेही फुकट. शेवटी भांड्याच्या निरनिराळ्या भागांतून पाच दाणे काढून अंगठा व बोट यांत दाबले. एकही दाणा आत कणीदार राहिला नव्हता. आमसूल, गूळ व फोडणी यानंतर.

सोडा टाकल्याने दाणा लवकर मऊ होतो, परंतु थायमिन हे जीवनसत्त्व नाश पावते. मचूळ किंवा जड पाण्यात दाणा शिजतच नसेल तेव्हाच चिमूटभर वापरावा. हिंग व आले चवीला अवश्य घालावे, मात्र ते भिजवणीच्या जागी चालत नाहीत.

त्या सासऱ्यांस पहिल्या आठवड्यात एक दिवसाआड दोन मोठे चमचेच उसळ दिली आणि मग हळूहळू वाटीपर्यंत नेली. वायू अजिबात गेला असे नाही, तो जात नसतोच. परंतु कळ थांबली. ज्यांना इतकेही सोसत नाही त्यांनी सालाच्या मुगडाळीपासून आरंभ करावा. वजन घटत असेल किंवा शौचावाटे रक्त जात असेल तर तो कडधान्याचा प्रश्न समजू नये, वैद्यकीय तपासणी करावी.

साठवणीची एक बाब शेतकऱ्याच्या हातची आहे. उष्ण व दमट जागी वर्षभर राहिलेला घेवडा कितीही भिजविला तरी कठीण राहतो. जुना व नवा माल एकाच कणगीत मिसळला तर नवे दाणे शिजून फुटतात आणि जुने त्याच भांड्यात अर्धे कच्चे राहतात. घरखर्चासाठी ठेवलेला घेवडा साल लिहून वेगळ्या डब्यात ठेवावा आणि आधी जुना संपवावा.