निघालेलं बरं!

घरातून हाक आली की मराठी माणूस जागेवरूनच ओरडतो, ‘आलोच!’ येणं अजून व्हायचंय, क्रियापद मात्र भूतकाळी. ‘उद्या पाऊस आला तर’ यातही तेच: गोष्ट उद्याची, रूप कालचं. इंग्रजीत सल्ला देताना हीच सवय उपयोगी पडते.

रात्रीचे अकरा वाजलेत, मुलगा मोबाइल सोडत नाही. आई म्हणते, ‘इट्स टाइम यू वेंट टु बेड.’ इथे ‘गो’ नाही, ‘वेंट’. मुलगा कधीच झोपायला जायला हवा होता, पण अजून गेलेला नाही, हेच ते भूतकाळी रूप सुचवतं. त्यामुळे वाक्यात थोडी तक्रार असते. ‘इट्स हाय टाइम’ म्हटलं की ती आणखी चढते. कर्ता गाळून ‘इट्स टाइम टु गो टु बेड’ म्हटलं, तर ‘टु’सकट मूळ रूप येतं आणि उरते ती फक्त वेळ झाल्याची सूचना.

‘हॅड बेटर’ मात्र चकवतं. ‘हॅड’ दिसला की हात आपसूक ‘गॉन’ लिहितो. शिवाय मनात ‘आता निघालेलं बरं’ हे मराठी वाक्य असतं आणि ‘निघालेलं’ त्याच दिशेला ओढतं. पण इथे मूळ रूपच हवं, तेही ‘टु’शिवाय: ‘यू हॅड बेटर गो नाऊ.’ नकार असेल तर ‘नॉट’ क्रियापदाच्या आधी येतो: ‘यू हॅड बेटर नॉट ड्राइव्ह टुनाइट.’

व्याकरण अचूक असूनही हे वाक्य अंगाशी येऊ शकतं. कनिष्ठ कर्मचाऱ्याला साहेबांना लिहायचंय, ‘आज फाइल पाठवलीत तर बरं होईल.’ तो लिहितो, ‘यू हॅड बेटर सेंड द फाइल टुडे.’ साहेबांना त्यात ‘नाहीतर बघा’ ऐकू येतं. न ऐकल्यास काही बिघडेल, हा इशारा ‘हॅड बेटर’मध्ये असतोच. म्हणून विनंतीला ‘कुड यू प्लीज’ बरं, आणि रोज चालायला जा अशा सर्वसाधारण सल्ल्याला ‘शुड’.

सौम्यपणे अडवायचं असेल तर ‘वुड रादर’ कामी येतं. स्वतःबद्दल बोलताना मूळ रूप: ‘आय वुड रादर स्टे होम.’ दुसऱ्याने काय करावं हे सांगताना पुन्हा भूतकाळी रूप: ‘आय वुड रादर यू स्टेड होम.’ तापातून उठलेल्या मित्राला ऑफिसला जाण्यापासून थांबवायचं असेल तर ‘आय वुड रादर यू डिडन्ट गो टुमॉरो.’ ‘टुमॉरो’शेजारी ‘डिडन्ट’ पाहून कुणी दचकलं, तर त्याने ‘उद्या पाऊस आला तर’ आठवावं.

बोलताना ‘हॅड’ आणि ‘वुड’ दोन्ही आखडून नुसते ‘ड’ होतात: ‘यूड बेटर’, ‘आयड रादर’. ऐकताना पुढचा शब्द पकडायचा. ‘बेटर’ आला तर ‘हॅड’, ‘रादर’ आला तर ‘वुड’.