स्वस्त पिशवी आणि महाग रवा

वाण्याच्या बिलावरील दर आणि प्रत्यक्ष पोटात गेलेल्या जिनसाचा दर हे दोन निराळे आकडे आहेत. घाऊक खरेदीचा हिशेब पाहताना गृहस्थ बहुधा पहिल्यावरच थांबतो.

उदाहरणादाखल इंदूरमधील एका चौघांच्या कुटुंबाची जुलै महिन्याची बिले घेऊ. रव्याची पाच किलोंची पिशवी 225 रुपयांना आली; म्हणजे किलोला 45 रुपये. अर्ध्या किलोचा पुडा 27 रुपयांना होता, म्हणजे किलोला 54. किलोमागे नऊ रुपयांची बचत डोळ्यांत भरण्यासारखीच होती. महिनाभरात दोन किलो रवा खपला. महिनाअखेर डबा उघडला, तेव्हा उरलेल्या तीन किलोंत तंतूंनी जोडलेल्या गुठळ्या, अळ्या आणि कुबट वास! चाळून, निवडून पावणेदोन किलो हाती लागला. सव्वा किलो टाकावा लागला.

आता 225 रुपयांना पाच किलोंनी नव्हे, तर उपयोगी पडणाऱ्या पावणेचार किलोंनी भागले पाहिजे. दर येतो किलोला 60 रुपये. पुड्यांतून घेतलेला रवा याहून स्वस्त पडला असता.

किती नासाडी परवडते, हेही याच बिलांतून कळते. 225 रुपयांत पुड्यांच्या दराने सुमारे 4 किलो 170 ग्रॅम रवा आला असता. तेव्हा पिशवीतील 830 ग्रॅमपर्यंत वाया गेले तरी घाऊक खरेदी तोट्यात जात नाही. त्यापुढे मात्र जाते. त्याच महिन्यात घेतलेल्या साखरेला ही भीती नव्हती. पाच किलो 220 रुपयांना, सुटा किलो 47 रुपयांना. कोरड्या डब्यात ती जशीच्या तशी राहिली व 15 रुपये वाचले. परंतु रव्यावर साडेबावीस रुपये गेल्याने बचत त्यातच बुडाली.

रव्याची ही गत होण्याचे कारण काळात आहे. किडीची अंडी पुष्कळदा मालाबरोबरच घरी येतात. तांबड्या पीठकिड्याला अंड्यापासून पूर्ण वाढ होण्यास तीस अंशांच्या आसपासच्या उबेत साधारण महिना लागतो. आठवड्याभरात संपणारा पुडा ही पिढी वाढण्याआधीच रिकामा होतो. अडीच महिने पुरणारी पिशवी तिला पोसते. रवा आणल्याबरोबर भाजून, पूर्ण गार करून घट्ट झाकणाच्या डब्यात भरण्याची घरोघरची रीत अंडी मारते. तिचे इंधन मात्र पिशवीच्या खात्यावर मांडावे लागते.

हिशेबात एक खोच राहते. बिल खरेदी सांगते, खप सांगत नाही. म्हणून एक तारखेला आणि महिनाअखेर डबे तोलावेत आणि टाकलेला जिन्नसही टाकण्यापूर्वी तोलावा. पुड्यांवर हल्ली एकक विक्रीमूल्य छापलेले असते. पण ते कमाल किमतीवरून काढलेले असते. दुकानदाराने सूट दिली असेल, तर बिलातील रक्कमच धरावी.