अनंत बेरीज कुठपर्यंत टिकते?

१ ÷ (१ + x²) हे परिमेय फलन म्हणजे बहुपदींचा भागाकार. तो न संपणाऱ्या बेरजेत उलगडता येतो, आणि त्याची किल्ली आहे भूमिती श्रेढी: १ + r + r² + r³ + … = १ ÷ (१ − r). इथे r च्या जागी −x² ठेवा, की मिळते १ − x² + x⁴ − x⁶ + …

x = ०.५ घेऊन पाहू. खरे उत्तर ०.८. बेरीज एकेक पद घेत पुढे सरकते: १, ०.७५, ०.८१२५, ०.७९६९, ०.८००८. कधी वर, कधी खाली, पण प्रत्येक वेळी उत्तराच्या अधिक जवळ. आता x = २ घ्या. उत्तर ०.२ यायला हवे. बेरीज मात्र १, −३, १३, −५१ अशी बेफाम सुटते. कारण सरळ आहे. n पदांनंतर उरणारी चूक rⁿ ÷ (१ − r) असते, आणि r चा आकार १ हून लहान असेल तरच ती विरते. म्हणून x हा −१ आणि १ यांच्यामध्येच हवा.

गंमत अशी की x = १ जवळ या फलनाचा आलेख अगदी गुळगुळीत आहे. मग अडते कुठे? छेद शून्य होतो संमिश्र संख्या i आणि −i पाशी, आणि ० पासून त्यांचे अंतर नेमके १. केंद्र ० ऐवजी १ घेतले, तर ते अंतर √२, म्हणजे सुमारे १.४१४ होते. (x − १) च्या घातांत मांडलेली नवी श्रेढी मग x = २ लाही बिनबोभाट ०.२ देते.