चाळीस हजार व्ह्यूज, पण गल्ल्यात किती?

घरचा धंदा सांभाळणाऱ्यांपुढे बोलताना मी फळ्यावर एकच हिशेब मांडतो. समजा, मसाल्याच्या दुकानाने फेसबुकवर व्हिडिओ जाहिरातीला 10,000 रुपये घातले. अहवाल आला : 40,000 व्ह्यूज, 400 क्लिक, 16 ऑर्डरी. थोरले खूश, धाकटा म्हणतो, आता 50,000 घालू.

थांबा. हे व्ह्यूज तीन सेकंदांचे आहेत. अंगठा सरकवता सरकवता तेवढा वेळ जातोच. त्याच अहवालात ‘थ्रूप्ले’ पाहा, म्हणजे पंधरा सेकंद किंवा व्हिडिओ त्याहून लहान असेल तर पूर्ण पाहणारे. ते निघाले 3,000. गळती इथे आहे. सुरुवातीला दुकानाची पाटी आणि आजोबांचा फोटो. मसाला येतो विसाव्या सेकंदाला! (आजोबांना हलवायचं म्हटलं की घरात वाद होतो, हे ठाऊक आहे.)

आता ऑर्डरी वहीशी ताडून बघा. जाहिरात नुसती दिसली आणि दिवसभरात खरेदी झाली, तरी तिचं श्रेय जाहिरातीला जाऊ शकतं. सोळांत पाच जुनीच गिऱ्हाइकं निघाली, तर नवी अकरा. एका नव्या गिऱ्हाइकामागे खर्च सुमारे 909 रुपये, आणि एका ऑर्डरीचा नफा 250. ते गिऱ्हाईक चार वेळा आलं, तरच पैसे सुटतात. तितके परत येतात का, हे फेसबुक नाही, तुमची वही सांगेल. तोवर खर्च तेवढाच ठेवा, व्हिडिओची सुरुवात बदला आणि थ्रूप्ले पुन्हा मोजा.