शनिवार पेठ की शनिवार?

‘गुरुवारपासून शनिवार पेठेत गढूळ पाणी येतंय.’ अशा तक्रारींतून भाग, अडचण आणि वार हे तीन रकाने भरून घ्यायचे आहेत, असं समजू. तयार भाषा-मॉडेलला नुसतं सांगून पाहिलं तर ते कधी रकाने भरतं, कधी आधी दोन वाक्यांची प्रस्तावना करतं आणि कधी वाराच्या रकान्यात शनिवार टाकतं. त्याला याच कामाचं वळण लावायला हवं, आणि तेही घरच्या संगणकातल्या १२ जीबीच्या ग्राफिक्स कार्डावर.

लामा २ चं सर्वांत लहान मॉडेल म्हणजे सुमारे ७०० कोटी आकडे. ते सगळे बदलत शिकवायचं तर नेहमीच्या पद्धतीत प्रत्येक आकड्यासोबत त्याच्या बदलाची दिशा आणि मागचा हिशेबही मेमरीत ठेवावा लागतो. सगळं मिळून शंभर जीबीच्या वर जातं. म्हणजे कार्डाची जागा मॉडेलपेक्षा ही वहीखातीच जास्त खातात.

मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी २०२१ मध्ये मांडलेल्या ‘लोरा’ पद्धतीत मूळ आकड्यांना हातच लावत नाहीत. मॉडेलमधला एक तक्ता ४०९६ ओळी आणि ४०९६ स्तंभांचा, म्हणजे पावणेदोन कोटींच्या आसपास आकड्यांचा असतो. त्याच्या शेजारी दोन अरुंद पट्ट्या ठेवतात. एक ४०९६ बाय ८, दुसरी ८ बाय ४०९६. दोन्हींचा गुणाकार मूळ तक्त्याएवढाच भरतो आणि तो दुरुस्ती म्हणून त्यात मिळवला जातो. शिकायचे आकडे मात्र फक्त ६५,५३६. एक पट्टी सुरुवातीला शून्यांची असते, त्यामुळे पहिल्या क्षणी मॉडेल होतं तसंच वागतं. ३२ थरांत प्रत्येकी दोन तक्त्यांना अशा पट्ट्या जोडल्या, तरी एकूण आकडे ४२ लाखांच्या आतच. वहीखाती आता एवढ्यांचीच. तयार अडॅप्टरची फाइल ८ एमबीच्या आसपास, एखाद्या गाण्याएवढी.

गोठवलेलं मॉडेल तरी कार्डात मावायला हवं. २०२३ मध्ये आलेल्या ‘क्यूलोरा’ने प्रत्येक आकडा चार बिटांत दाबला, आणि १४ जीबीचं मॉडेल चारेक जीबीवर आलं. उरलेली जागा मजकुराच्या लांबीला लागते. इथे मराठीला थोडा भुर्दंड पडतो, कारण लामा २ देवनागरी शब्दाचे जवळजवळ अक्षरागणिक तुकडे करतं. मग मेमरी संपल्याचा संदेश आला, तर एका वेळी एकच तक्रार द्यायची.

खरा घोळ नंतर होतो. काहीशे तक्रारी पुन्हा पुन्हा दाखवल्या की मॉडेल त्या पाठ करतं. म्हणून थोड्या तक्रारी आधीच बाजूला काढून ठेवाव्यात. शिकवलेल्यांवरची चूक घटत असताना या राखीव तक्रारींवरची चूक वाढू लागली, की थांबायचं. सरासरीवर मात्र विसंबू नये. बुधवार, शुक्रवार पेठांच्या तक्रारी वेगळ्या तपासाव्यात. आणि शिकवताना प्रत्येक तक्रारीत वार असेल, तर ज्यात तो नाही तिथेही मॉडेल मनानेच एखादा वार ठोकून देईल. वार नसलेल्या तक्रारीही हव्यातच, समोर स्वच्छ ‘नमूद नाही’ लिहून.