फोटोवरून केसांची लेव्हल आणि अंडरटोन कसा ओळखायचा? शेड विकण्याआधी हे करा

कॉस्मेटिक्सचं दुकान किंवा घरगुती पार्लर सुरू केलं की पहिल्याच महिन्यात व्हॉट्सॲपवर असा मेसेज येतो : "दादा, हा माझा फोटो. मला कुठला कलर सूट होईल?" आपण फोटो बघतो, शेड कार्ड बघतो आणि एक नंबर सांगून मोकळे होतो. गिऱ्हाईक कलर लावतं आणि मुळं लाल, मधले केस जसेच्या तसे, टोकं काळपट असं काहीतरी होऊन बसतं. फोडलेली ट्यूब परत घेता येत नाही. गिऱ्हाईक मात्र कायमचं जातं.

म्हणून आज एकच गोष्ट नीट शिकू. शेड निवडायच्या आधी, आत्ता डोक्यावर काय आहे ते फोटोतून कसं वाचायचं.

लेव्हल म्हणजे काय, अंडरटोन म्हणजे काय

लेव्हल म्हणजे केस किती गडद किंवा किती फिके आहेत. याची मोजपट्टी १ ते १० असते. १ म्हणजे काळा, २ आणि ३ म्हणजे खूप गडद ब्राऊन, ४ मध्यम ब्राऊन, ५ फिका ब्राऊन आणि ६ पासून पुढे ब्लॉन्ड. आपल्याकडे बहुतेकांचे मूळ केस १ ते ३ मध्येच असतात. आपण ज्याला 'काळेभोर' म्हणतो ते केस पुष्कळदा लेव्हल २ चे निघतात.

शेडच्या नंबरमध्ये टिंबाच्या आधीचा आकडा लेव्हल सांगतो आणि टिंबानंतरचा टोन सांगतो. ६.१ म्हणजे साधारणपणे लेव्हल ६, ॲश टोन. टिंबानंतरच्या आकड्याचा अर्थ कंपनीप्रमाणे बदलू शकतो, त्यामुळे ज्या कंपनीचा माल ठेवता तिचंच शेड कार्ड पाठ करा.

अंडरटोन म्हणजे केसात दडलेला उबदार रंग. डाय केसाला थोडं फिकं करतो तेव्हा हा रंग वर येतो. १ ते ४ या लेव्हलला तो लालसर असतो, ५ ला लाल-नारिंगी, ६ ला नारिंगी, ७ ला पिवळट-नारिंगी आणि त्यापुढे पिवळा होत जातो. काळ्या केसांवर ब्राऊन लावला की लालसर झाक का येते, याचं उत्तर इथेच आहे. खोट दर वेळी ट्यूबमध्ये नसते. लाल रंग केसात आधीपासून असतो, डायने फक्त झाकण उघडलेलं असतं.

आधी फोटो नीट मागवा

रात्री पिवळ्या बल्बखाली काढलेल्या फोटोत सगळेच केस सोनेरी दिसतात. फोनचा कॅमेरा आणखी एक गंमत करतो. फ्रेममध्ये नुसते काळे केस भरले तर 'फारच अंधार आहे' असं समजून तो फोटो उजळ करतो आणि लेव्हल ३ चे केस ४ किंवा ५ चे वाटायला लागतात. मागे पांढरी भिंत असली की उलटं होतं, केस आहेत त्यापेक्षा गडद दिसतात.

यावर उपाय फुकटचा आहे. गिऱ्हाइकाला सांगा, सकाळी दहाच्या सुमारास खिडकीजवळ उभं राहा, पण थेट ऊन नको. केस धुतलेले आणि कोरडे हवेत, तेल लावलेलं नको, कारण तेलकट आणि ओले केस गडद दिसतात. केसांच्या शेजारी एक कोरा पांढरा कागद धरा आणि कागदावर एखादी काळी वस्तू ठेवा, पेनाचं काळं टोपण चालेल. फ्लॅश, फिल्टर आणि ब्युटी मोड बंद. फोटो तीन काढा : भांग पाडून मुळांचा, मधल्या केसांचा आणि टोकांचा. पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे फोटो दाबला जात नाही.

तुमच्या बाजूनेही एक काम आहे. तुमच्या फोनवर डोळ्यांना आराम देणारा पिवळा मोड चालू असेल तर तो आधी बंद करा. नाहीतर फोटो बरोबर आणि स्क्रीन चुकीची, असं व्हायचं.

आता फोटो वाचा

सगळ्यात आधी केसांकडे बघू नका, कागदाकडे बघा. कागद पिवळट दिसतोय का? मग केसांतला तेवढा पिवळेपणा खोटा आहे. फोनच्या एडिटमध्ये रंगाची ऊब कमी-जास्त करायची पट्टी असते. कागद पांढरा दिसेपर्यंत ती सरकवा. कागद निळसर असेल तर उलट्या दिशेला. कागद पांढरा झाला की केसांचा रंग बऱ्यापैकी खरा दिसायला लागतो.

मग त्याच फोटोची एक कॉपी ब्लॅक अँड व्हाइट करा. लेव्हल ओळखताना लाल आणि सोनेरी रंग डोळ्यांना फसवतो, उबदार केस आहेत त्यापेक्षा फिके वाटतात. रंग काढून टाकला की फक्त गडदपणा उरतो. केस टोपणाइतकेच काळे दिसले तर लेव्हल १ किंवा २. टोपणापेक्षा थोडे उजळ असतील तर ३. फरक लगेच डोळ्यात भरत असेल तर ४ किंवा ५. दोन लेव्हलमध्ये मन अडकलं तर गडद लेव्हल धरा. आपण केस सहसा फिके समजतो, आणि त्या हिशेबाने दिलेली शेड डोक्यावर चढतच नाही.

अंडरटोनसाठी पुन्हा रंगीत फोटोवर या. केसांवर जो चमकदार पट्टा दिसतो तो सोडून द्या, ते नुसतं उजेडाचं प्रतिबिंब आहे. त्या पट्ट्याच्या शेजारी, जिथे केस पसरून पातळ झालेत, तिथे बघा. तपकिरी-करडा दिसतो, लालसर दिसतो की तांब्यासारखा? फक्त एक लक्षात ठेवा, मागून उजेड आला की न रंगवलेले गडद केससुद्धा लालसर दिसतात. त्यावरून 'आधी कलर केलाय' असं ठरवू नका.

फोटोत न दिसणारं : केसांचा इतिहास

फोटो आजचा रंग दाखवतो. तो कशामुळे आला, हे विचारावं लागतं. तीन प्रश्न पुरतात. शेवटचा कलर कधी आणि कुठला लावला? मेहंदी कधी लावली होती, आणि ती साधी होती की 'काळी मेहंदी'? केसांची लांबी किती?

लांबी कशाला, तर केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात. त्यावरून कुठला केस किती जुना आहे ते काढता येतं.

एक केस सोडवून बघू

आमच्या दुकानात एका ताईंचा मेसेज आला : "ऑफिसला शोभेल असा, अजिबात लाल न दिसणारा ब्राऊन हवाय. ६.१ द्या." सोबत रात्रीचा फोटो होता. त्यात केस लेव्हल ५, सोनेरी वाटत होते. ५ वरून ६ म्हणजे एकच पायरी, सोपं काम! पण मागची पांढरी भिंत फोटोत लोण्यासारखी पिवळी होती. म्हणजे उजेड फसवत होता.

दुसऱ्या दिवशी खिडकीजवळचे तीन फोटो मागवले. कागद पांढरा करून घेतल्यावर चित्र असं निघालं : मुळाशी तीन बोटं केस लेव्हल २. मधले केस लेव्हल ४, लाल-नारिंगी झाक. टोकं लेव्हल ५, सरळ नारिंगी. म्हणजे एका डोक्यावर तीन वेगळे केस.

ताईंची उत्तरं : चार महिन्यांपूर्वी बाजारातला ब्राऊन कलर लावला होता. दोन वर्षांपूर्वीपर्यंत साधी मेहंदी लावायच्या. केसांची लांबी चाळीस सेंटिमीटर. चार महिने म्हणजे चार-पाच सेंटिमीटर, तीच ती तीन बोटं नवीन वाढ. दोन वर्षं म्हणजे चोवीस-पंचवीस सेंटिमीटर, त्याच्या खालचा सगळा केस मेहंदी पाहिलेला. टोकांच्या नारिंगीचं कोडं सुटलं.

आता ६.१ दिला असता तर? २० व्हॉल्यूम, म्हणजे ६ टक्के डेव्हलपर, न रंगवलेला केस एक ते दोन लेव्हल वर नेतो. मुळं २ वरून फार तर ४ ला पोचली असती, आणि तीही लालसर. मधले केस तिथेच राहिले असते, कारण डाय जुन्या डायला फिकं करत नाही. हा नियम भिंतीवर लिहून ठेवा.

म्हणून आम्ही लेव्हल ४ धरली आणि ४.१ सुचवला. मुळांना ६ टक्के डेव्हलपरबरोबर आधी लावायचा. मधल्या केसांची लेव्हल ४ आहेच, तिथे फक्त लाल-नारिंगी दाबायचाय, म्हणून ३ टक्के डेव्हलपर पुरतो. टोकांना सगळ्यात शेवटी, अगदी थोडा वेळ, कारण जुनी कोरडी टोकं रंग पटकन पितात आणि काळपट होतात.

ताईंना स्पष्ट सांगितलं : ६ येणार नाही. घरात गडद ब्राऊन दिसेल, उन्हात ब्राऊन कळेल, लाल बराच कमी होईल पण शून्य होणार नाही. ६ च हवा असेल तर आधी पार्लरमध्ये केस प्री-लाइट करावे लागतील. त्यांनी ४.१ घेतला, कानामागच्या एका बटेवर आधी करून पाहिला आणि त्या बटेचा फोटो पाठवला, कागदासकट! टोक दहा मिनिटांत जरा जास्तच गडद झालं होतं. मग टोकांची वेळ पाच मिनिटांवर आणली.

इथे फोटोवर निर्णय घ्यायचा नाही

'काळी मेहंदी' किंवा आत काय आहे ते लिहिलेलं नसलेली पावडर लावली असेल तर थांबा. अशा काही पावडरींमध्ये धातूंचे क्षार असतात आणि डेव्हलपरशी त्यांची रिॲक्शन होऊन केस गरम होतात, तुटतात. आधी कापलेल्या किंवा विंचरताना गळलेल्या केसांवर मिश्रण लावून बघायला सांगा. केस गरम झाले किंवा विचित्र रंग आला तर विक्री सोडून द्या.

आणि कितीही जुनं गिऱ्हाईक असो, कलरच्या ४८ तास आधी कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला पॅच टेस्ट करायला सांगायचीच. खाज किंवा सूज आली तर तो डाय लावायचा नाही. ॲलर्जी कुठल्याच फोटोत दिसत नाही.

आज सरावासाठी घरातल्या तीन जणांचे फोटो काढा, प्रत्येकाचा एक बल्बखाली आणि एक खिडकीजवळ, कागद आणि टोपणासह. आधी बल्बच्या फोटोवरून लेव्हल लिहा, मग खिडकीच्या फोटोवरून, आणि शेवटी शेड कार्डची बट प्रत्यक्ष केसांना लावून ताळा करा. खिडकीचा फोटो आणि शेड कार्ड जुळायला लागले की गिऱ्हाइकाला नंबर सांगायला सुरुवात करा.