ग्लासगोहून अब्बांना पत्र

अब्बा,

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, एवढ्या थंडीत नमाज कशी सांभाळतोस? फोनवर सगळं सांगता आलं नाही, म्हणून हे पत्र.

असरची वेळ सावलीवरून ठरते, हे तुम्ही अंगणात काठी रोवून शिकवलंत. मध्यान्हीची सावली वजा करायची, आणि उरलेली सावली काठीएवढी झाली की असर. आपण कोकणी शाफई असंच मोजतो. इथं डिसेंबरात सूर्य इतका खाली असतो की भर मध्यान्हीही काठीची सावली काठीच्या पाचपट पडते. तिथून ती भराभर वाढते. त्यामुळे जोहर सव्वाबाराला लागते, असर दीडच्या सुमारास आणि मगरीब पावणेचारला! रत्नागिरीत मगरीबची वेळ वर्षभरात तासाभराने मागेपुढे होते. इथं जूनमध्ये मगरीब रात्री दहाला असते.

म्हणजे हिवाळ्यात गोदीतल्या एकाच पाळीत तीन नमाजांच्या वेळा येतात. प्रवासात जोहर आणि असर एकत्र पढायची आपल्याला मुभा आहे, पण मी इथं राहणारा, मुसाफिर नाही. म्हणून मी मुकादमाकडे जास्तीची सुट्टी मागितली नाही. जेवणाची सुट्टी एक ते दीडऐवजी सव्वा ते पावणेदोन करून द्या, एवढंच म्हटलं. आधी दोन घास खातो. दीडच्या आत जोहर पढतो, थोडा थांबतो आणि असरची वेळ लागताच तीही पढतो. दोन्ही आपापल्या वेळेत होतात. शेजारी काम करणारा पाकिस्तानी हनफी आहे. त्याच्या हिशेबाने सावली दुप्पट व्हावी लागते, म्हणून तो आणखी वीस-पंचवीस मिनिटं थांबतो आणि चहाच्या सुट्टीत असर उरकतो. मगरीब मी पाळी सुटल्यावर पढतो, कारण इशा लागायला तोवर अवकाश असतो.

खरी अडचण वजूची होती. मी जहाजांना रंग मारतो. हा रंग नखावर वाळला की त्याखाली पाणी पोचत नाही आणि वजू होत नाही. थिनरने कातडी सोलते, म्हणून आत पातळ आणि वर जाड असे दोन हातमोजे घालतो. पाय धुवायला बेसिनवर पाय ठेवला की बाकीचे कामगार बघत राहतात, आणि ओल्या पायांनी बूट घातले तर थंडीने बोटं बधिर होतात. त्यावर तोडगा आपल्या फिकहमध्येच आहे. पूर्ण वजू करून घोट्यावरपर्यंतचे चामडी मोजे चढवायचे. पुढे वजू तुटली की एक दिवस-रात्र पाय धुवायची गरज नाही, मोज्यांवरून ओला हात फिरवला की पुरे. चोवीस तास झाले की मोजे काढून पाय धुवायचे.

घरी आपण समुद्राकडे तोंड करून उभे राहतो. इथं किब्ला आग्नेयेला आहे, म्हणून सामानाच्या खोलीत कोपऱ्याकडे तिरका मुसल्ला टाकतो. चार रकातींना पाच-सहा मिनिटं लागतात. सकाळी कुणी टाकून बोललेलं असतं, घरच्या कर्जाचा हप्ता डोक्यात घोळत असतो. तोंडावर गार पाणी घेतलं, कपाळ जमिनीला टेकवलं की ते बोलणं आणि तो हप्ता आपापल्या जागी जातात. हप्ता भरावाच लागतो, पण तो दिवसभर माझ्या हातांवर बसत नाही. इथल्या अंधारात दिवस कधी सुरू झाला आणि कधी संपला हे कळत नाही. ते मला नमाजा सांगतात. पहाटे उठायचं कारण फजर देते, आणि इशा झाली की आजचं काम संपलं असं मी स्वतःला बजावतो.

पण सगळंच नमाजवर सोडू नये, हेही इथं शिकलो. गेल्या हिवाळ्यात झोप उडाली, अन्न गोड लागेना, तेव्हा मी डॉक्टरकडे गेलो. इथं हिवाळ्यात सगळ्यांनाच ड जीवनसत्त्वाची गोळी घ्यायला सांगतात, ती मी घेतो. जूनमध्ये तर रात्री आकाश पुरतं काळं होतच नाही, त्यामुळे इशाची वेळ आकाशाकडे बघून ठरत नाही. तेव्हा इथल्या मशिदीचं वेळापत्रक पाळतो आणि झोप दोन तुकड्यांत घेतो. एखादी नमाज चुकलीच, तर कजा पढून मोकळा होतो. खंत करत बसत नाही.

पुढच्या वर्षी चाचांचा मुलगा इकडे येतोय. त्याला सांगा, चामड्याचे मोजे तिकडूनच घेऊन ये, आणि जेवणाच्या सुट्टीचं पहिल्याच आठवड्यात मोकळेपणाने विचार. लपूनछपून पढण्यापेक्षा आधी सांगून पढणं सोपं जातं.

तुमचा,
थोरला